जुडी टाकण्याआधी

कोथिंबिरीची एक जुडी रात्रभर ओट्यावर राहून गेली. सकाळी पाहावं तर तिनं पार मान टाकलेली, पानं मऊ आणि मिटलेली, देठ हातात धरला की खाली लोंबणारा. दुसरी जुडी आठवडी बाजारातून आलेली, ज्या प्लास्टिकच्या पिशवीतून आली त्याच पिशवीला गाठ मारून पाच दिवस फ्रिजमध्ये पडलेली. ती वरून हिरवीगार दिसते. फक्त पिशवीला आतून पाण्याचे थेंब धरलेत आणि रबरबँडजवळची काही पानं एकमेकांना चिकटलीत.

बहुतेक घरांत यातली पहिली जुडी कचऱ्यात जाते आणि दुसरी आमटीवर पेरली जाते. व्हायला हवं ते नेमकं उलट. पहिली जुडी अर्ध्या तासात जवळपास पूर्ण परत मिळते. दुसरीतला काही भाग कायमचा गेलेला आहे, उरलेला त्याच वाटेवर आहे, आणि तो कच्चा खाण्याच्या लायकीचा राहिलेला नाही.

पालेभाजी दोन अगदी वेगळ्या कारणांनी बिघडते, पण आपण दोन्हींना ‘खराब झाली’ असं एकच नाव देतो, तिथेच घोटाळा होतो. पहिल्या प्रकारात पानातलं पाणी उडून जातं. दुसऱ्यात पानाची घडणच मोडते. सायकलच्या ट्यूबमधली हवा गेली तर पंप मारून ती भरता येते. ट्यूबच फाटली असेल तर पंप मारून काही होत नाही. पालेभाजी वाचवायची की टाकायची हे ठरवताना शोधायचं ते इतकंच, की हवा गेली आहे की ट्यूब फाटली आहे.

आधी पाण्याचं पाहू. पालक, कोथिंबीर, मेथी यांच्या ताज्या पानात वजनाच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. पानाची प्रत्येक पेशी पाण्यानं भरलेली, आतून भिंतीवर दाब देणारी असते आणि त्या दाबामुळेच पान ताठ उभं राहतं. पानाला लाकडासारखा सांगाडा नसतो. उपटल्यावर मुळांकडून येणारं पाणी थांबतं, पानातून उडणारं मात्र चालूच राहतं. दोनशे ग्रॅमच्या जुडीतून आठ-दहा ग्रॅम, म्हणजे दोन छोटे चमचे पाणी गेलं तरी ती मरगळलेली दिसू लागते. बाकीचं पाणी अजून आतच असतं, पेशी जिवंत असतात, त्यांची आवरणं शाबूत असतात. म्हणून नुसत्या कोमेजलेल्या भाजीत आरोग्याला धोका असा काही नसतो. जीवनसत्त्वं थोडी कमी झालेली असतात, चव थोडी उतरलेली असते, एवढंच.

ते दोन चमचे पाणी परत कसं द्यायचं, हे घरोघरी माहीत असतं, पण करताना दोन गोष्टी चुकतात. पहिली चूक देठांची. कापलेलं टोक हवेनं सुकतं आणि बंद होतं, त्यामुळे नुसतं पाण्यात ठेवून देठ पाणी ओढत नाही. टोकाकडून अर्धा-एक सेंटिमीटर नव्यानं कापून मगच जुडी पाण्यात ठेवायची. कोथिंबीर पेल्यात उभी ठेवली तरी चालते. पालक, मेथी, माठ यांची पानं पातेल्यात पूर्ण बुडवलेली बरी, कारण ती देठापेक्षा पानाच्या अंगानंच जास्त पाणी घेतात. पाणी थंड हवं, फ्रिजमधलं किंवा बर्फाचे दोन-चार खडे टाकलेलं. वीस मिनिटं ते अर्धा तास पुरे.

दुसरी चूक मिठाची. पालेभाजी मिठाच्या पाण्यात घालायची सवय अनेकींना असते, अळ्या-किडे सुटावेत म्हणून. ताज्या भाजीला ते थोडा वेळ चालतं. कोमेजलेल्या भाजीला मात्र मिठाचं पाणी घातक, कारण मीठ पानातलं पाणी बाहेर ओढतं. ज्या भाजीला पाणी द्यायचं तिचंच पाणी काढून घेतलं जातं आणि मग ‘भिजत घालूनही उपयोग झाला नाही’ म्हणून ती टाकली जाते. उजवायचं साध्या पाण्यात. मिठाचं पाणी वापरायचंच असेल तर नंतर, दोन मिनिटांपुरतं.

अर्ध्या तासानं भाजीच आपला निकाल सांगते. ज्या पानांनी मान वर केली ती जिवंत होती. जी तशीच लोळत राहिली आणि उलट जास्त गडद, उजेडात धरल्यावर आरपार दिसणारी झाली, त्यांच्या पेशींची आवरणं फाटलेली आहेत. त्यांना किती वेळ भिजवलं तरी फरक पडणार नाही.

ही परीक्षा सर्वांत स्वच्छ दिसते ती लाल माठात. माठाचा लाल रंग पाण्यात विरघळणारा असतो आणि पेशीच्या आत, आवरणामागे कोंडलेला असतो. शाबूत पान थंड पाण्यात ठेवलं तर पाणी जवळपास नितळ राहतं. कापलेल्या देठातून थोडी गुलाबी छटा येते तेवढीच. पाच-दहा मिनिटांत सगळं पाणीच गुलाबी-लाल झालं, तर समजावं की पानातल्या बऱ्याच पेशी फुटल्या आहेत. वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत बिटाच्या चकत्या पाण्यात ठेवून पेशींची आवरणं किती टिकली आहेत हे याच तत्त्वावर मोजतात. पालकाला असा बोलका रंग नसतो, पण तिथेही भिजवलेलं पाणी हिरवट, फेसाळ आणि बोटांना किंचित चिकट लागू लागलं तर अर्थ तोच.

आता चिकटपणाकडे. पानांच्या पेशी एकमेकींना धरून असतात त्या पेक्टिन नावाच्या पदार्थानं. पेरूची जेली थिजते तीही याच पेक्टिनमुळे. मातीत, पाण्यात आणि पानांवर नेहमीच असणारे काही जिवाणू हे पेक्टिन विरघळवणारी विकरं सोडतात. पेक्टोबॅक्टेरियम आणि स्युडोमोनास ही त्यातली दोन मुख्य नावं. पेक्टिन विरघळलं की पेशी सुट्या होतात, फुटतात, त्यांचा रस बाहेर येतो आणि त्या रसावर जिवाणू आणखी वाढतात. बोटाला लागणारा तो काळपट हिरवा लिबलिबीतपणा म्हणजे पानाचा रस, मोडलेल्या पेशी आणि जिवाणूंची वस्ती यांचं मिश्रण. पेक्टोबॅक्टेरियमला ऊब आवडते, म्हणून ओट्यावरची ओली जुडी एका रात्रीत कुजते. स्युडोमोनासच्या काही जाती मात्र फ्रिजच्या थंडीतही सावकाश वाढत राहतात. फ्रिजमध्ये ठेवलेला पालक आठवड्यानं लिबलिबीत होतो तो त्यांच्यामुळे. फ्रिज कुजणं थांबवत नाही, लांबवतो.

या जिवाणूंना आत शिरायला जागा लागते आणि पसरायला पाण्याचा थर लागतो. जुडी ज्या पद्धतीनं आपल्यापर्यंत येते, तिच्यात दोन्ही मिळतात. नाशिक, पुणे, वाशीच्या बाजार समित्यांत पालेभाजीचा भाव शेकड्यानं, म्हणजे शंभर जुड्यांवर बोलला जातो. जुड्या बांधलेल्या, एकावर एक रचलेल्या असतात. बांधलेल्या जागी देठ चेपतात, पानं दुमडतात, साल फुटते. उपटल्यावरही पानं श्वसन करत राहतात आणि त्यातून उष्णता निघते. रचलेल्या ढिगाच्या मध्यभागी ती कोंडते. भाजीवाले ‘माल उबला’ म्हणतात तो असा. पावसाळ्यात माल शेतातूनच ओला येतो, उन्हाळ्यात विक्रेता टवटवी राखायला पाणी मारतो, आणि ग्राहक तेच ओलं प्रकरण पिशवीत बांधून घरी नेतो. म्हणूनच जुडीची सड जवळपास नेहमी बंधापासून सुरू होते. बाजारात जुडी घेताना शेंडे पाहण्यापेक्षा बंध किंचित सरकवून आत बोट घालून पाहिलं तर जास्त कळतं. विक्रेता नाराज होतो, ते वेगळं.

प्रत्येक बुळबुळीत गोष्ट कुजलेली मात्र नसते. मायाळूचं पान मोडलं की आतून चिकट रस येतो; तो तिचा स्वभाव आहे. कांद्याच्या पातीच्या पोकळ पानात पारदर्शक जेलीसारखा पदार्थ सापडतो, विशेषतः थंडीत, आणि ‘पात सडली’ म्हणून ती टाकली जाते. ओळखायचं सोपं आहे. नैसर्गिक चिकटपणा पानाच्या आत असतो, नितळ असतो, त्याला वेगळा वास नसतो आणि बाहेरून पान कोरडं, घट्ट असतं. सडीचा चिकटपणा बाहेरून लागतो, काळपट असतो आणि त्याला आंबूस किंवा गटारासारखा वास येतो.

वासाबद्दल एक सावधगिरी. बंद पिशवीत पानं श्वसन करत राहतात, आतला प्राणवायू कमी होतो आणि पानांतच थोडं आंबण्यासारखं काही घडतं. पिशवी उघडल्याबरोबर भपकन येणारा कोंदट वास पुष्कळदा या कोंडमाऱ्याचा असतो. त्यावरून लगेच निकाल देऊ नये. भाजी ताटात पसरून दहा मिनिटं उघडी ठेवावी आणि पुन्हा हुंगावी. वास उडाला आणि पानं बोटाला कोरडी लागली तर भाजी ठीक. वास तसाच राहिला तर तो पानात आहे, हवेत नाही.

खरी पंचाईत मधल्या अवस्थेची असते. सगळीच जुडी लिबलिबीत झाली तर कुणी विचार करत बसत नाही. पण बंधाजवळ चार पानं सडलेली आणि बाकीची बरी, अशा पालकाचं काय करायचं? एक नमुना नीट पाहू. समजा जुलै महिना आहे, पालकाची साधारण तीनशे ग्रॅमची जुडी चार दिवस पिशवीत राहिली आहे, आणि बंधाजवळ हात लावला की चिकट लागतं.

पहिलं काम म्हणजे ती पाण्यात बुडवायची नाही. इथे बहुतेकांचा हात आपोआप पातेल्याकडे जातो. सडलेली चार पानं आणि चांगली साठ पानं एका पाण्यात घातली की सडीतले जिवाणू त्या साठांवर समान वाटले जातात. म्हणून आधी कोरडं निवडणं. रबरबँड काढून जुडी मोठ्या ताटात सुटी पसरायची आणि तिचे तीन भाग करायचे.

पहिल्या भागात जी पानं प्रत्यक्ष चिकट, काळपट, आरपार किंवा एकमेकांना चिकटून बसलेली आहेत ती. एखाद्या पानाचा शेंडाच तेवढा लिबलिबीत असेल तरी सगळं पान याच भागात जातं. पालकाचं पान पातळ असतं आणि सड डोळ्यांना दिसते त्याच्या पुढे गेलेली असते, त्यामुळे कात्रीनं शेंडा कापून उरलेलं ठेवण्यात अर्थ नाही. देठाचं वेगळं. देठ जाड असतो; तो एका टोकाला सडला असेल तर सडीपासून दोन बोटं सोडून कापावा आणि कापलेली कड पाहावी. ती पांढरट हिरवी, करकरीत असेल तर वरचा भाग घ्यावा. कडेवर तपकिरी ठिपका किंवा पाण्यात भिजल्यासारखं वर्तुळ दिसलं तर आणखी वर जावं.

दुसऱ्या भागात सडलेल्या पानांना लागून असलेली, त्यांचा रस लागलेली, पण स्वतः घट्ट असलेली पानं. तिसऱ्या भागात बंधापासून दूर, कोरडी, फार तर कोमेजलेली पानं. पहिला भाग टाकल्यावर हात, ताट आणि सुरी धुवायची. मगच दुसऱ्या भागातली पानं एकेक करून वाहत्या पाण्याखाली दोन्ही बाजूंनी चोळून धुवायची. धुतल्यावरही बोटाला निसरडं लागलं तर ते पानही पहिल्या भागात. उरलेली पानं तिसऱ्या भागात मिसळायची आणि सगळं पुन्हा एकदा दोन पाण्यांतून काढायचं. अशा जुडीतून पन्नास-साठ ग्रॅम टाकावा लागतो, दोनशे चाळीस-अडीचशे ग्रॅम हाती राहतो. तोच पालक आणखी तीन दिवस ठेवला असता तर हे प्रमाण उलटं झालं असतं. निवडताना टाकलेला भाग निम्म्याच्या वर गेला, तर उरलेल्याचा मोह सोडावा. त्या पानांवर सड अजून दिसत नाही एवढंच.

वाचलेला पालक त्याच दिवशी शिजवायचा, कच्चा खायचा नाही. हा नियम कडक वाटेल, पण त्याला कारण आहे. पानं सडवणारे जिवाणू स्वतः माणसाला सहसा आजारी पाडत नाहीत. प्रश्न त्यांच्या सोबत्यांचा आहे. पान फुटून रस बाहेर आला की त्यावर माणसाला त्रास देणारे जिवाणूही पोसले जातात. १९९७ साली अमेरिकेतल्या कृषी शास्त्रज्ञांनी बाजारातल्या फळभाज्या-पालेभाज्यांचे निरोगी आणि सडलेले नमुने धुऊन ते पाणी तपासलं. सडलेल्या नमुन्यांत साल्मोनेलाचा संशय यावा असे नमुने निरोगींच्या सुमारे दुप्पट निघाले. साल्मोनेला उकळीला टिकत नाही. त्यामुळे ज्या जुडीत थोडीही सड होती तिच्यातल्या चांगल्या पानांची डाळ-पालक, पातळ भाजी, पराठे यांना हरकत नाही; कोशिंबीर, रायतं, कच्ची हिरवी चटणी आणि वरून पेरायची कोथिंबीर मात्र त्या जुडीची नको. घरात गरोदर बाई, तान्हं मूल, फार वयस्कर किंवा केमोथेरपी घेणारं माणूस असेल तर त्यांच्या ताटात अशी वाचवलेली भाजी शिजवूनही वाढू नये.

हाच तर्क उलटा लावून ‘मग लिबलिबीत पानंही उकळून घेऊ’ असं म्हणता येत नाही. उकळीनं जिवाणू मरतात, पण काही जिवाणूंनी आधीच सोडलेली विषं उष्णतेला दाद देत नाहीत. आणि कुजलेल्या पानाचा वास फोडणीनं झाकला जात नाही, उलट सगळ्या भाजीला लागतो.

काही खुणा भयंकर दिसतात आणि त्यांचा सडीशी संबंध नसतो. पालकावर पांढऱ्या वेड्यावाकड्या रेघा असतात त्या नागअळीनं शेतातच काढलेल्या. तेवढा भाग खुडून पान घेता येतं. फ्रिजच्या मागच्या भिंतीला टेकलेली पानं गोठतात आणि बाहेर काढल्यावर गडद, मऊ, ओली होतात. ती सडीसारखीच दिसतात, पण त्यांना वास नसतो आणि बोटाला चिकटपणा लागत नाही. त्यांच्या पेशी बर्फानं फुटलेल्या असतात, त्यामुळे ती पाण्यात उभी राहणार नाहीत. लगेच शिजवली तर मात्र चालतात. संध्याकाळपर्यंत ठेवली तर फुटलेल्या पेशींवर सड चढायला वेळ लागत नाही.

पिवळेपणा ही तिसरीच गोष्ट. पान म्हातारं होतं तेव्हा त्यातलं हरितद्रव्य मोडतं आणि खालचा पिवळा रंग उघडा पडतो. पिकणाऱ्या फळांतून निघणारा इथिलीन वायू हे काम लवकर घडवतो, म्हणून पिकल्या केळ्यांच्या किंवा आंब्यांच्या शेजारी ठेवलेली कोथिंबीर लवकर पिवळी पडते. कोरडं पिवळं पान खाल्ल्यानं काही होत नाही, पण त्याला चव उरलेली नसते, आणि मऊ झालेल्या पिवळ्या पानात सड सगळ्यात आधी शिरते. निवडताना ती काढून टाकली की उरलेली जुडी एक-दोन दिवस जास्त टिकते.

कोथिंबिरीच्या बाबतीत डोळ्यांवर विसंबणं आणखी एका कारणानं फसवं आहे. कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शून्य अंशाला साठवलेली कोथिंबीर तीन आठवड्यांच्या आसपास दिसायला चांगली राहिली, पण तिचा खास वास चौदा दिवसांनंतर ठळकपणे कमी झाला. घरातला फ्रिज शून्य अंशावर नसतो, त्यामुळे घरी हे त्याहून लवकर होणार. जुनी कोथिंबीर वाचवली तरी ती कशासाठी वाचवायची हे वासावरून ठरवावं. एक पान चुरडून हुंगावं. वास भरून आला तर ती वरून पेरायच्या कामाची, अर्थात सड नसलेल्या जुडीतली असेल तर. वास फिका असेल तर वाटणात घालावी, तिथे देठांना मान मिळतो; पानांपेक्षा देठ उशिरा बिघडतात.

कोथिंबीरवडीला तर थोडी सुकलेली कोथिंबीर जास्त सोयीची. ताज्या, धुतलेल्या पानांत इतकं पाणी असतं की बेसन कालवताच पीठ सैल पडतं, मग वरून बेसन वाढवावं लागतं आणि वडी पिठूळ होते. कोमेजलेली जुडी धुऊन फडक्यावर तासभर पसरली की पीठ आवरतं. कोमेजलेल्या मेथीचंही तसंच. तिचे थेपले चांगले होतात आणि हवा कोरडी असेल तर ती पूर्ण सुकवून ठेवता येते. कसुरी मेथी म्हणजे तरी दुसरं काय. पानं धुऊन, पाणी पूर्ण निथळून, एकेरी थरात सावलीत पसरायची. चुरडल्यावर पानाचा भुगा झाला आणि देठ कट्‌कन मोडला की भरणीत भरायची. पावसाळ्यात हा उद्योग करू नये. दमट हवेत पान सुकायच्या आधी त्यावर बुरशी येते, आणि बुरशी आलेलं पान कुठल्याच प्रकारे वाचत नाही. पालक मात्र असा सुकवायच्या फंदात पडू नये. त्याला उकळत्या पाण्यात मिनिटभर घालून, लगेच थंड पाण्यात काढून, पिळून डीप फ्रीजरमध्ये टाकणं बरं. गोठवण्यानं पेशी फुटतात, त्यामुळे तो फक्त शिजवायच्या कामाचा राहतो, पण पालकाचं आपण दुसरं करतो तरी काय?

एवढी निवडानिवड टाळायची असेल तर भाजी घरी आल्यावर पाच मिनिटं काढावी लागतात. बंध तिथल्या तिथे सोडायचा. पिवळी आणि मोडलेली पानं काढायची. लगेच वापरायची नसेल तर धुवायची नाही, माती असेल तर झटकायची. पंख्याखाली पसरून वरचं पाणी उडू द्यायचं आणि कोरड्या सुती फडक्यात सैल गुंडाळून डब्यात किंवा किंचित उघड्या पिशवीत ठेवायची. फडकं दोन दिवसांनी ओलसर लागलं तर बदलायचं. रद्दीचा कागद पुष्कळ घरांत वापरला जातो आणि पाणी शोषायला तो चांगला आहे, पण त्याची शाई अन्नाला लागू नये असा इशारा देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं दिलेला आहे, तेव्हा फडकंच बरं. पानांभोवतीची हवा दमट हवी आणि पानं स्वतः कोरडी हवीत, म्हणजे ती कोमेजतही नाहीत आणि कुजतही नाहीत. एकदा पाण्यात उजवलेली भाजी मात्र पुन्हा अशी ठेवून देऊ नये. ती त्याच दिवशी संपवायची.

हात, नाक आणि डोळे सड ओळखतात, संसर्ग ओळखत नाहीत, हेही लक्षात ठेवायला हवं. २००६ मध्ये अमेरिकेत पिशवीबंद पालकातून ई. कोलाय या जिवाणूच्या घातक जातीची साथ पसरली, सुमारे दोनशे माणसं आजारी पडली आणि तीन दगावली. तो पालक ताजा म्हणून विकला गेलेला होता आणि अनेकांनी कच्चा खाल्ला होता. म्हणून जुडी कितीही टवटवीत असो, कच्ची खायची तर दोन-तीन पाण्यांतून धुवायलाच हवी.

पालक शिजवल्यावरही एक गोष्ट उरते. पालकात नायट्रेट भरपूर असतं. शिजवलेली भाजी तासन्‌तास बाहेर राहिली की तिच्यात वाढणारे जिवाणू त्या नायट्रेटचं नायट्राइट करतात. मोठ्यांना त्यानं सहसा काही होत नाही, पण तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता त्यामुळे घटू शकते. सकाळची पालकाची पेज किंवा घोटलेली भाजी बाळाला संध्याकाळी भरवायची नाही, आणि मोठ्यांसाठी उरलेली भाजीही निवल्याबरोबर फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी संपवायची.